तंबाखू सोडली, पण सुपारीचं काय? तंबाखूमुक्तीचं काम करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

तुमच्यापैकी कुणी तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन करतं, कुणी शाळांत आणि कारखान्यांत शिबिरं घेतं, कुणी माझ्यासारखं दातांच्या खुर्चीशेजारी उभं राहून रोज लोकांची तोंडं तपासतं. आपण सगळे एकाच कामात आहोत, म्हणून मोकळेपणानं लिहिते. आपल्या कामात एक मोठं भगदाड आहे. ते मलाही फार उशिरा दिसलं आणि तोवर माझ्या हातून काही रुग्णांचं नुकसान होऊन गेलं.

आपण विचारतो, "तंबाखू खाता का?" समोरचा "सोडली" म्हणाला की आपण खूण करतो आणि पुढच्याला बोलावतो. पण पान मसाल्याच्या पुडीत तंबाखूइतकाच जबर पदार्थ दुसरा आहे. त्याचं नाव सुपारी. तिच्याबद्दल आपल्या बहुतेक फॉर्मवर रकानाच नसतो.

ज्या माणसामुळे माझे डोळे उघडले, त्याची गोष्ट आधी सांगते. एकोणतीस वर्षांचा, मालवाहू टेम्पो चालवणारा. शाळेत असताना गोड सुपारीच्या पुड्या खायचा, पुढे एकोणिसाव्या वर्षापासून पान मसाला आणि तंबाखू. एका हातावर मसाल्याची पुडी रिकामी करायची, त्यावर तंबाखूची छोटी पुडी ओतायची, तळव्यावर हलवायची आणि डाव्या गालात सरकवायची. दिवसाला अशा चौदा-पंधरा जोड्या. झोपेतून उठल्यावर दहा मिनिटांत पहिली. तो माझ्याकडे आला तो दात दुखतो म्हणून. मी तोंड उघडायला सांगितलं आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं, तर ते 27 मिलिमीटर भरलं. मोठ्या माणसात हे अंतर 35 च्या वर असायला हवं, बहुतेकांत 40 च्या पुढे असतं. घरच्या घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायची. याची दोनच जात होती. तिखट भाजी गेली दोन वर्षं सहन होत नव्हती, पण त्यानं ते पित्तावर ढकललं होतं.

मी त्याला कॅन्सरची भीती घातली, तंबाखू सोड म्हणून सांगितलं. थोड्याच दिवसांत एका शिबिरात त्यानं शपथ घेतली आणि खरोखर सोडली. शिबिराच्या वहीत त्याच्या नावापुढे "तंबाखूमुक्त" लागलं. माझ्याही कागदावर तेच लागलं. सात महिन्यांनी तो खुशीत सांगायला आला आणि मी पुन्हा पट्टी लावली तर 22 मिलिमीटर. म्हणजे तंबाखू सोडल्यावर तोंड आणखी मिटलं होतं. विचारलं तेव्हा कळलं की मसाल्याच्या पुड्या चौदावरून बावीसवर गेल्या होत्या. "मॅडम, आता त्यात तंबाखू नाही ना, मग भीती कसली," असं तो म्हणाला. त्याला असं वाटण्यासारखंच आम्ही सगळे बोललो होतो.

सुपारी तोंडात नेमकं काय करते, ते जरा सावकाश सांगते, कारण रुग्णाला समजावताना हाच भाग कामी येतो.

आपल्या गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली कोलाजेन नावाच्या धाग्यांची जाळी असते. ती रोज थोडी विणली जाते आणि रोज थोडी उसवली जाते, म्हणून गाल लवचिक राहतो. सुपारीतलं मुख्य द्रव्य म्हणजे अरेकोलिन. ते धागे विणणाऱ्या पेशींना चेव आणतं. सुपारीत आणि मसाल्यातल्या कातात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन म्हणजे तेच, ज्यानं कच्चं कातडं कमावून टिकाऊ चामडं करतात. गालातल्या धाग्यांवरही ते तेच काम करतं आणि मग ते धागे उसवणाऱ्या पाचकद्रव्याला दाद देत नाहीत. शिवाय सुपारीत तांब्याचं प्रमाण बरंच असतं आणि धाग्यांना एकमेकांशी घट्ट जोडणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतंच. म्हणजे विणकाम वाढलं, उसवणं थांबलं आणि गाठी पक्क्या झाल्या. गाल पांढुरका पडतो, आतून बोट फिरवलं तर दोऱ्यांसारखे ताठ पट्टे हाताला लागतात, पडजीभ आखडते, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही, फुगा फुगवता येत नाही. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 साली केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत हा आजार प्रथम नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईतल्या डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं. तेव्हापासून सगळ्या वाटा सुपारीकडेच गेल्या आहेत. तंबाखू एकटी हा आजार करत नाही. ही एक ओळ आपल्या प्रत्येक शिबिरात मोठ्यानं सांगायला हवी, कारण रुग्णाला उलटंच माहीत असतं.

आणि हा फायब्रोसिस फिरत नाही. सवय सुटली तर तो बहुतेकदा जिथे आहे तिथे थांबतो, पण झालेले पट्टे विरघळून पूर्वीचा गाल परत मिळत नाही. इंजेक्शनं आहेत, व्यायाम आहेत, फारच बंद झालं तर शस्त्रक्रिया आहे. त्यांनी काही मिलिमीटर मिळतात. म्हणून सुपारी "नंतर बघू" म्हणून मागे ठेवणं परवडत नाही. तंबाखू आधी, सुपारी पुढच्या टप्प्यात, असं मी वर्षानुवर्षं करत आले. त्या मधल्या महिन्यांत गेलेले मिलिमीटर परत आणता आले नाहीत.

आता तंबाखू यात काय भर घालते? तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं तयारच असतात. सुपारीतल्या द्रव्यांपासून तोंडातल्या तोंडात, लाळेत, अशीच आणखी काही तयार होतात. ही सगळी ज्या जागी साचतात, ती जागा फायब्रोसिसनं आधीच बिघडलेली असते: वरचं अस्तर झिजून पातळ झालेलं, खालचा रक्तपुरवठा आटलेला, आणि तोंड उघडत नसल्यामुळे नीट साफही न होणारी. एका पदार्थानं जमीन नापीक करायची आणि दुसऱ्यानं त्यावर विष फवारायचं, असा हा प्रकार आहे. भारतीय उपखंडातल्या अभ्यासांची 2014 साली एकत्र मांडणी झाली. त्यात न खाणाऱ्यांच्या तुलनेत तोंडाच्या कर्करोगाचा धोका तंबाखूविना सुपारीचा विडा खाणाऱ्यांत सुमारे अडीच पट, तर तंबाखू घातलेला विडा खाणाऱ्यांत जवळपास पावणेआठ पट निघाला. हे आकडे विड्याचे आहेत, पुडीचे नाहीत, आणि वेगवेगळ्या अभ्यासांची सरासरी आहेत. म्हणून मी ते रुग्णाच्या तोंडावर फेकत नाही. पण दोन गोष्टी त्यांतून स्पष्ट दिसतात: जोडी फार वाईट आहे, आणि तंबाखू काढून टाकली तरी उरलेलं निर्धोक नाही.

हे दुसरं वाक्य नवीन नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1985 सालीच तंबाखूसह विडा माणसाला कर्करोग करतो असं ठरवलं होतं. 2003 मध्ये तिनं पुन्हा पुरावे तपासले आणि तंबाखू नसलेला विडा, इतकंच काय नुसती सुपारीसुद्धा, त्याच पहिल्या गटात घातली. त्या गटात तंबाखू आहे, दारू आहे. म्हणजे दोन दशकं उलटून गेली, तरी आपण "साधी सुपारी चालेल का" या प्रश्नावर अडखळतो.

विड्याच्या पानाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण जुनी माणसं हमखास म्हणतात, "आमच्या आजीनं आयुष्यभर पान खाल्लं, तिला काही झालं नाही." आजीच्या विड्यात हिरवं पान होतं, ओली किंवा भिजवलेली सुपारी होती, आणि पिंक टाकली जायची. पुडीत पान नाही, पाणी नाही. सगळा माल कोरडा, दळल्यासारखा बारीक, म्हणजे वजनाला सुपारीच जास्त. तो गालात तासन्‌तास ठेवला जातो आणि बरेचजण रसही गिळतात. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात विडा खाणाऱ्यांना फायब्रोसिस व्हायला सरासरी साडेआठ वर्षं लागली होती, पान मसाला आणि गुटखा खाणाऱ्यांना तीन वर्षांहून कमी. म्हणूनच आपल्याकडे विशी-पंचविशीतली मुलं तोंड उघडेना म्हणून येतात. आजीचं उदाहरण त्यांना लागूच होत नाही, आणि आजीलाही काही झालं नसलं तर ते तिचं नशीब.

या सगळ्यात चुन्याचा वाटा कुणी मोजत नाही. निकोटिन दोन रूपांत असतं. एक रूप अस्तरातून सहज आत शिरतं, दुसरं बाहेरच अडतं. तोंडातलं मिश्रण आम्ल की अल्कली यावर कुठलं रूप किती, हे ठरतं. पीएच 7 असेल, म्हणजे साध्या पाण्यासारखं, तर शंभरातलं जेमतेम नऊ भाग निकोटिन आत शिरू शकणाऱ्या रूपात असतं. चुन्यानं पीएच 8 वर नेला की पन्नास भाग, 9 वर नेला की एक्याण्णव. तंबाखू तेवढीच, मेंदूत पोचणारा घाव मात्र कितीतरी मोठा आणि कितीतरी लवकर. व्यसन किती पक्कं बसतं ते पुष्कळसं या वेगावर ठरतं. चुना सुपारीतलं अरेकोलिनही असंच मोकळं करतो आणि वर अस्तराला बारीक जखमा करतो, म्हणजे आत जायला आणखी वाटा.

आता सुटत का नाही याकडे येते. इथे आपली समजूत सर्वांत कच्ची आहे.

आपण धरून चालतो की व्यसन निकोटिनचं आहे आणि सुपारी म्हणजे नुसतं चावायचं साधन. तसं नाही. सुपारी एकटीसुद्धा व्यसन लावते. ती खाणारा सांगतो की अंग गरम होतं, घाम येतो, तरतरी येते, झोप उडते. ती बंद केली की चिडचिड, बेचैनी, सुस्ती, कामात लक्ष न लागणं आणि तीव्र तलफ येते. 2015 साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अरेकोलिन मेंदूतल्या ज्या केंद्रांवर निकोटिन काम करतं त्यांतल्या काही केंद्रांवरही काम करतं. फरक इतकाच की निकोटिन तिथलं बटण पूर्ण दाबतं, अरेकोलिन अर्धवट. याशिवाय घाम, लाळ, हृदयाची गती यांच्याशी संबंधित दुसऱ्या केंद्रांवर अरेकोलिनचा जोर स्वतंत्रपणे चालतो, तिथे निकोटिनचा संबंधच नाही.

यातून माझ्या टेम्पोवाल्याचं काय झालं ते मला उलगडलं. त्यानं तंबाखू सोडली तेव्हा त्याला फारसा त्रास झाला नाही. शपथेच्या दुसऱ्या दिवशी "काहीच वाटत नाही" असं सगळ्यांना सांगत होता. माझ्या मते त्याचं कारण हेच असावं की मसाल्यातली सुपारी तीच केंद्रं अर्धवट कुरवाळत होती. पण अर्धवटच. म्हणून पुड्या वाढत गेल्या. शरीर उरलेलं अर्धं मागत होतं आणि तो ते सुपारीतूनच भागवायला बघत होता. आणि सवयीचं बाकी सगळं तसंच शिल्लक होतं: पुडी फाडण्याचा आवाज, तळव्यावर ओतणं, मसाल्याचा वास, गालातली तीच जागा, चहा झाला की हात खिशात जाणं. दहा वर्षं यांतल्या प्रत्येक गोष्टीपाठोपाठ निकोटिन आलेलं आहे. ज्याला दारू सोडायची आहे त्यानं रोज त्याच गुत्त्यात, त्याच मित्रांत, त्याच ग्लासातून सोडा प्यावा, तसं हे झालं. एका रात्री हायवेच्या ढाब्यावर दुसऱ्या ड्रायव्हरनं मळलेला हात पुढे केला. त्यात तंबाखू होती हे त्याला तोंडात टाकल्यावर कळलं, आणि सकाळपर्यंत तो आठ जोड्या खाऊन बसला होता. शपथ मोडली याची त्याला इतकी लाज वाटली की पुढचे दोन महिने तो आमच्याकडे फिरकला नाही.

पुडी अशी दोन तुकड्यांत का मिळते, हेही लक्षात असू द्या. आपल्या राज्यानं गुटख्यावर 2002 मध्ये बंदी घातली, ती 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही असं आलं आणि त्या कायद्याच्या आधारानं 2012 च्या जुलैमध्ये राज्यात गुटखा आणि पान मसाला दोन्ही बंद झाले. देशभर मात्र गुटख्याची एक पुडी दोन पुड्यांत विभागली गेली: एक मसाल्याची, एक तंबाखूची, शेजारी शेजारी लटकवलेल्या. मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर आलं. या विभागणीनं आणखी एक घात केला. "मी गुटखा खात नाही, मसाला खातो" हे वाक्य आता खरं झालं, आणि आपला फॉर्म ते मान्य करतो. विदर्भात खर्रा, इकडे मावा, नाव काहीही असो, आत सुपारी आणि तंबाखू आणि चुनाच आहे.

तो परत आला तेव्हा आम्ही वेगळं काय केलं, ते सांगते. यात जादू नाही, आणि प्रत्येकाला असंच लागू पडेल असाही माझा दावा नाही.

सुरुवातीला काहीच सोडायला सांगितलं नाही. चार दिवस प्रत्येक पुडीची वेळ आणि तिच्या आधी काय झालं ते मोबाइलमध्ये नोंदवायला सांगितलं. मसाला आणि तंबाखू वेगळे मोजायचे. नोंद बघून तोच चकित झाला. साधारण सहा पुड्या चहा-जेवणाला बांधलेल्या होत्या, चार-पाच रात्री एकट्यानं गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून, आणि उरलेल्या कधी खाल्ल्या हे त्याला आठवतच नव्हतं, गाल रिकामा झाला की हात आपोआप जायचा. या तीन ढिगांना तीन वेगळी उत्तरं लागतात. "मन घट्ट करा" हे एकालाही लागू पडत नाही.

मग एक तारीख ठरवली, नऊ दिवस पुढची, आणि त्या तारखेला दोन्ही एकदम बंद. आधी तंबाखू, मग सुपारी असं नाही. पहिल्या आठवड्यात रात्रीची खेप घ्यायची नाही, ही अट मीच घातली आणि त्यासाठी त्याच्या मालकाशी फोनवर बोलले. हे तुम्हीही करा. सुपारी सोडलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जी गुंगी येते ती स्टिअरिंगवर जीवघेणी ठरू शकते. ड्रायव्हर, वॉचमन, रात्रपाळीचे कामगार सुपारी धरून असतात ते जागं राहण्यासाठी, हे आपण विचारतच नाही.

निकोटिनसाठी च्युइंगम दिलं नाही. आपण सरसकट गम देतो, पण ज्याचं तोंड 22 मिलिमीटर उघडतं आणि गालाची आग होते त्याला ते नीट चावता येत नाही. शिवाय चावणं आणि गालात ठेवणं हीच त्याची जुनी सवय. त्याला दंडावर लावायचा 21 मिलिग्रॅमचा पॅच दिला आणि स्पष्ट सांगितलं की हा निकोटिनची भूक भागवेल, सुपारीची नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, "पॅच लावूनही तलफ येते, म्हणजे औषध खोटं." सुपारीच्या तलफेसाठी आज आपल्याकडे असं कुठलंही तयार औषध हातात नाही. गालाला काहीतरी मऊ द्यायचं, पाण्याचे घोट, मनुका, आणि ती पाच-सात मिनिटं ओलांडायची. बडीशेप मी सुचवत नाही. मुखशुद्धीच्या नावानं मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत सुपारीचे तुकडे असतात आणि वाट पुन्हा तिथेच येते.

तसंच झालं, पण दुसऱ्या दारानं. एकोणिसाव्या दिवशी घरात लग्नाची बोलणी होती. सुपारी फुटली, तबक फिरलं, आणि थोरल्यांनी पुढे केलेलं तबक त्याला नाकारता आलं नाही. दोन खांडं, बस. दुसऱ्या दिवशी मसाला, तिसऱ्या दिवशी जोडी. आपल्याकडे सुपारी गणपती म्हणून पुजली जाते, तिच्याशिवाय लग्न ठरत नाही, आणि म्हणूनच तिला व्यसन म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. पूजेतली सुपारी पूजेतच राहावी, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जो सोडतो आहे त्याच्या घरच्यांना बोलावून सांगावं लागतं की याच्यासमोर तबक धरू नका. मी ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्याच्या वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, "सुपारीनंही होतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही की."

दुसरी तारीख घेतली. या वेळी पडल्यावर लपायचं नाही, दुसऱ्या दिवशी फोन करायचा, एवढं ठरवलं. सोबत तोंडाचा व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये घालायच्या, दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं, आणि सहज बसू लागल्या की एक काडी वाढवायची. काड्यांचा आणखी एक उपयोग झाला. चहानंतर हाताला काहीतरी काम मिळालं.

सहा महिन्यांनी पट्टी लावली तेव्हा 25 मिलिमीटर होते. तिसरं बोट अजून जात नाही आणि बहुधा जाणारही नाही. डाव्या गालात जिथे तो पुडी ठेवायचा तिथे एक पांढरा चट्टा आहे, त्याचा तुकडा काढून तपासला, सध्या काळजीचं काही नाही, पण दर तीन महिन्यांनी बघावं लागणार आहे. केरळात फायब्रोसिसच्या रुग्णांवर सतरा वर्षं नजर ठेवली गेली होती, तेव्हा त्यांच्यातल्या साडेसात टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना कर्करोग झाला. सवय सुटली म्हणून तपासणी सुटत नाही, हे त्याला मी पुन्हा पुन्हा सांगते. जखम पंधरा दिवसांत भरली नाही, चट्टा लाल झाला, गाठ लागली, कारण नसताना दात हलला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. आपल्या फॉर्मवर सुपारीचा वेगळा रकाना घाला: किती पुड्या, कधीपासून, उठल्यावर किती मिनिटांत पहिली. तिच्याशेजारी तोंड किती मिलिमीटर उघडतं तो आकडा लिहा, त्याला साधी प्लास्टिकची पट्टी आणि अर्धा मिनिट लागतो. आणि सुपारी चालू असलेल्या कुणाच्याही नावापुढे "मुक्त" लिहू नका. असं केलं तर आपल्या यशाचे आकडे खाली येतील, हे मला माहीत आहे. माझेही आले. माझ्या जुन्या कागदांत ज्यांच्यापुढे मी खूण केली होती त्यांतल्या जमेल तितक्यांना मी आता फोन करते आहे. पहिला प्रश्न एवढाच विचारते: "मसाला अजून चालू आहे का?" बहुतेक जण आधी गप्प बसतात आणि मग विचारतात, "का हो, त्यात तर तंबाखू नसते ना?"

तुमच्यातलीच,
एक दंतवैद्य